अडीच टक्के की साडेबासष्ट टक्के?

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर सहा वेळा वाढवला. बँकांना सरकारी रोख्यांच्या तारणावर अल्पमुदतीचे कर्ज देताना रिझर्व्ह बँक जो व्याजदर लावते, तो हा दर. ४ मे २०२२ रोजी तो ४ टक्के होता आणि त्याच दिवशी ४.४० टक्के झाला. पुढे टप्प्याटप्प्याने वाढत ८ फेब्रुवारी २०२३ रोजी तो ६.५० टक्क्यांवर पोहोचला. ही वाढ किती, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. साडेसहा वजा चार, म्हणजे वजाबाकीने पाहिले तर वाढ अडीच. भागाकाराने पाहिले, म्हणजे मूळच्या चारच्या मानाने अडीच किती असे विचारले, तर वाढ साडेबासष्ट टक्के.

पहिल्या प्रकारच्या फरकाला टक्केबिंदू म्हणतात: दोन टक्केवारींमधली सरळ वजाबाकी. दुसरा प्रकार म्हणजे टक्केवारीतला बदल, आणि तो काढताना फरकाला जुन्या आकड्याने भागावे लागते. गोंधळ होतो तो व्याजदर, मतांचा वाटा, बेरोजगारीचा दर अशा ठिकाणी, कारण तिथे मोजायची वस्तूच मुळात टक्क्यांत असते. कांद्याचा भाव दहा टक्क्यांनी वाढला म्हटले तर कोणाला शंका येत नाही, कारण भाव रुपयांत असतो. पण ४ टक्क्यांचा दर ‘अडीच टक्क्यांनी वाढला’ असे छापून आले, तर काटेकोर अर्थाने तो दर ४.१० टक्के झाला असा हिशेब निघतो. वाचक तसा अर्थ घेत नाही, कारण व्यवहारात अडीच टक्के म्हणजे वजाबाकीतलेच अडीच टक्के. ‘पाव टक्क्याची कपात’ हा मथळाही याच सवयीवर चालतो, आणि बँकेच्या दरांपुरती ही सवय पक्की असल्याने तिथे फारसे बिघडत नाही. ‘अडीच टक्क्यांनी’ आणि ‘अडीच टक्क्यांवर’ यांतल्या प्रत्ययाची चूक मात्र घाईच्या बातमीत होते, आणि तिने अर्थ पार बदलतो.

बँकेतल्या माणसांनी या संदिग्धतेवर स्वतःपुरता तोडगा काढला आहे. ते बेसिस पॉइंटमध्ये बोलतात. एका टक्केबिंदूचा शंभरावा भाग म्हणजे एक बेसिस पॉइंट. त्यामुळे पाव टक्क्याची कपात म्हणजे २५ बेसिस पॉइंट आणि ती संपूर्ण वाढ २५० बेसिस पॉइंट. या शब्दाला दुसरा अर्थच नाही, म्हणून पतधोरणाच्या निवेदनात तोच वापरला जातो.

रेपो दराची वाढ कर्जदाराच्या खिशापर्यंत पोहोचते तेव्हा आणखी आकडे तयार होतात. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या नव्या, बदलत्या दराच्या गृहकर्जांना रेपोसारख्या बाह्य मानदंडाशी जोडणे बंधनकारक आहे. बँक रेपोवर आपले काही टक्के चढवते आणि ग्राहकाचा दर ठरतो. समजा, एका कुटुंबाने रेपो ४ टक्के असताना ३० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी ७ टक्क्यांनी घेतले. त्याचा हप्ता दरमहा सुमारे २३,२५९ रुपये. रेपो अडीच टक्केबिंदूंनी वाढला की कर्जाचा दरही तेवढाच वाढून साडेनऊ होतो. वजाबाकीतला आकडा जसाच्या तसा पुढे आला, पण टक्केवारीतला बदल आला नाही: चारवर अडीच म्हणजे साडेबासष्ट टक्के, तर सातवर अडीच म्हणजे साधारण ३६ टक्के.

हप्ता तर त्याहून कमी वाढतो. साडेनऊ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता सुमारे २७,९६४ रुपये येतो, म्हणजे सुमारे ४,७०५ रुपये जास्त. वाढ २० टक्के. हप्त्यात व्याजाबरोबर मुद्दलही असते आणि मुद्दल काही वाढलेले नाही, म्हणून व्याजाच्या दरापेक्षा हप्त्याची वाढ सौम्य दिसते. एकाच घटनेबद्दल अडीच, साडेबासष्ट, छत्तीस आणि वीस असे चार आकडे हातात आले. त्यांतला एकही खोटा नाही. ज्याला सरकारवर टीका करायची आहे तो एक उचलेल, ज्याला बाजू सावरायची आहे तो दुसरा. घर चालवणाऱ्याच्या कामाचा आकडा मात्र ४,७०५ रुपये हाच.

प्रत्यक्षात त्या काळात अनेक बँकांनी हप्ता न वाढवता मुदत वाढवली, आणि ‘फक्त अडीच टक्के’ किती मोठे असू शकतात ते तिथे कळले. वरच्या कर्जाचे पहिल्या महिन्याचे व्याज ७ टक्क्यांनी १७,५०० रुपये होते. उरलेले ५,७५९ रुपये मुद्दलात जात. दर ९ टक्के झाला आणि मुद्दल अजून ३० लाखांच्या आसपास असताना हप्ता तोच ठेवला, तर व्याजच २२,५०० रुपये होते. मुद्दलासाठी जेमतेम साडेसातशे उरतात आणि कर्ज फिटायला २० ऐवजी सुमारे ३८ वर्षे लागतात. दर साडेनऊ झाला की व्याज २३,७५० रुपये, म्हणजे हप्त्याहूनही जास्त. मग हप्ता भरत राहूनही कर्ज वाढतच जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना याबाबत सूचना दिल्या: दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्यावा आणि हप्त्यात त्या महिन्याचे व्याजही भागत नाही अशी वेळ मुदत वाढवून येऊ देऊ नये.

दर उतरू लागले की टक्केवारीतल्या बदलाचा आणखी एक गुण, खरे तर अवगुण, समोर येतो. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. उतार सव्वा टक्केबिंदूचा, म्हणजे आधीच्या वाढीच्या बरोबर निम्मा. पण टक्केवारीतल्या बदलाच्या भाषेत सांगायचे तर वाढ साडेबासष्ट टक्के आणि घट एकोणीस टक्के. ऐकणाऱ्याला वाटेल की जेमतेम एक तृतीयांश परत मिळाले. दर पुन्हा थेट ४ वर आला असता, तरी घट साडेअडतीस टक्केच भरली असती. चढताना भाजक चार असतो आणि उतरताना साडेसहा. वजाबाकी मात्र जाताना आणि येताना सारखीच राहते, म्हणून चढ-उतारांची तुलना करताना टक्केबिंदूच बरे.

निवडणुकीच्या बातम्यांत हाच घोळ जास्त तापतो, कारण तिथे मतांचा वाटा, प्रत्यक्ष मते आणि जागा अशा तीन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात येतात. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला सुमारे ३७.४ टक्के मते आणि ३०३ जागा मिळाल्या. २०२४ मध्ये मते सुमारे ३६.६ टक्के आणि जागा २४०. मतांचा वाटा ०.८ टक्केबिंदूने घटला. मूळ वाट्याच्या मानाने ही घट जेमतेम दोन टक्के. जागा ६३ ने कमी झाल्या, ही घट जवळजवळ २१ टक्के. लोकसभेच्या ५४३ जागांतला पक्षाचा वाटा सुमारे ५५.८ टक्क्यांवरून ४४.२ टक्क्यांवर आला, म्हणजे ११.६ टक्केबिंदू खाली. शिवाय याच काळात पक्षाला मिळालेली एकूण मते सुमारे २२.९ कोटींवरून २३.६ कोटींवर गेली. मतदार वाढले, एकूण मतदान वाढले, त्यामुळे मते वाढूनही वाटा घटला. ‘भाजपची मते वाढली’ आणि ‘भाजपची मते घटली’ हे दोन्ही दावे निकालानंतर करता येत होते; पहिल्यात मते मोजली होती, दुसऱ्यात वाटा.

काँग्रेसचा वाटा त्याच निवडणुकीत १९.५ वरून २१.२ टक्क्यांवर गेला. १.७ टक्केबिंदूंची ही भर मूळच्या मानाने नऊ टक्क्यांच्या आसपास आहे. जागा मात्र ५२ वरून ९९ झाल्या, म्हणजे वाढ ९० टक्के. ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, या पद्धतीत वाट्याचा आणि जागांचा संबंध सरळ रेषेत नसतो. मते कुठे एकवटली, समोर किती उमेदवार होते, आघाडी कोणाशी झाली, यावर सारे अवलंबून असते.

महाराष्ट्रात हे अंतर आणखी ताणलेले दिसले. २०१९ मध्ये काँग्रेसने राज्यातल्या ४८ पैकी २५ जागा लढवल्या आणि चंद्रपूरची एकच जिंकली. राज्यातल्या मतांचा वाटा होता सुमारे १६.४ टक्के. २०२४ मध्ये महाविकास आघाडीच्या वाटपात तिच्याकडे १७ जागा आल्या. त्यांतल्या १३ जिंकल्या आणि वाटा राहिला सुमारे १६.९ टक्के. ‘काँग्रेसच्या मतांत अर्ध्या टक्क्याची वाढ’ हे वाक्य टक्केबिंदूंत खरे आहे, पण ते काहीच सांगत नाही. आठ मतदारसंघांत उमेदवारच नसताना वाटा टिकला, याचा अर्थ लढवलेल्या जागांवर सरासरी मते खूप वाढली. येथे टक्केबिंदू की टक्के, हा प्रश्न सोडवूनही भागत नाही. वाटा कशातला, हेही पाहावे लागते.

छोट्या पक्षांच्या बाबतीत टक्केवारीतला बदल फुगून येतो. एक टक्का मते असलेल्या पक्षाला दोन टक्के मिळाली की ‘मते दुप्पट’ असा मथळा होतो. चाळीस टक्केवाल्या पक्षानेही तेवढीच भर घातली, तर ती अडीच टक्के वाढ ठरते. दोघांनाही शंभरातले एकेकच मत जास्त मिळालेले असते.

मतचाचण्या वाचताना दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. ‘तीन टक्के अधिक-उणे’ अशी जी चुकीची मर्यादा दिलेली असते, ती टक्केबिंदूंत असते. पक्षाला ४० टक्के दाखवले असतील, तर खरा आकडा ३७ ते ४३ यांच्या दरम्यान असावा असा तिचा अर्थ. चाळीसचे तीन टक्के काढून ३८.८ ते ४१.२ असा अर्थ घेतला, तर चाचणी आहे त्याहून खूपच अचूक भासते. दुसरी गोष्ट आघाडीच्या फरकाची. एका पक्षाचे ४२ आणि दुसऱ्याचे ४० टक्के असताना शंभरातला एक मतदार पहिल्याकडून दुसऱ्याकडे गेला, की दोघे ४१ वर येतात. मतांचा कल एका टक्केबिंदूने सरकला आणि दोन टक्केबिंदूंचा फरक पुसला गेला. त्याच कारणाने, चुकीची मर्यादा एका पक्षाच्या वाट्याला तीन असेल, तर दोन मोठ्या पक्षांमधल्या फरकाला ती जवळजवळ सहा होते, आणि चार टक्क्यांची आघाडी दाखवणारी चाचणी कोण पुढे आहे हेही खात्रीने सांगत नसते.