एकूण जुळले तरी बिले जुळतीलच असे नाही
जाणाऱ्या लिपिकाने नव्याला काय लिहून द्यावे?

घाऊक औषध विक्रेत्याच्या पेढीतील लेखा लिपिक नोकरी सोडतो, तेव्हा नव्या माणसाला संगणकाचा पासवर्ड, धनादेशांची फाईल आणि 'बाकी सगळे सिस्टिममध्ये आहे' एवढे आश्वासन मिळते. मात्र कोणत्या दुकानदाराने रक्कम कापून का पाठवली आणि कोणाला मालकांनी तोंडी मुदत दिली, हे सिस्टिममध्ये नसते. म्हणूनच कार्यभार सोपविण्याचे लेखी टिपण आवश्यक ठरते. ते लांबलचक असण्याची गरज नाही. रोजच्या कामाचा क्रम, जमा रकमेच्या नोंदीची पद्धत आणि नेहमीच्या चाकोरीत न बसणारी प्रकरणे, एवढे तीन भाग त्यात पुरेसे होतात.

आधी जमा, मग ऑर्डर

टिपणातील पहिली सूचना क्रमाची असावी. सकाळी प्रथम बँकेचे विवरण पाहून आलेल्या रकमा नोंदवाव्यात आणि त्यानंतरच ऑर्डर घ्याव्यात. याचे कारण साधे आहे. ठरलेल्या मुदतीपलीकडे बिल थकले की ग्राहकाची नवी ऑर्डर रोखून धरण्याची व्यवस्था बहुतेक पेढ्यांत असते. दुकानदाराने आदल्या रात्री पैसे पाठवलेले असतात, पण ते नोंदवले नसतील तर त्याची ऑर्डर विनाकारण अडते. एनईएफटीची सेवा डिसेंबर 2019 पासून आणि आरटीजीएसची डिसेंबर 2020 पासून चोवीस तास सुरू आहे. त्यामुळे रविवारी व सुटीच्या दिवशीही रकमा जमा होतात आणि सोमवारचे विवरण तीन दिवसांचे पाहावे लागते.

ऑर्डर नोंदवताना दुकानाच्या औषध परवान्याची वैधता, शिल्लक उधारी मर्यादा आणि दहा नगांवर एक मोफत यांसारखी योजना लागू आहे का, हे पाहायचे असते. येथे वारंवार होणारी चूक दुहेरी नोंदीची. विक्री प्रतिनिधी आपल्या वहीत ऑर्डर लिहून आणतो आणि दुकानदार तीच यादी दुपारी दूरध्वनीवर सांगतो. एकाच दुकानाच्या एकाच दिवशीच्या दोन ऑर्डरमध्ये तीच औषधे तेवढ्याच संख्येने दिसली, तर बिल करण्यापूर्वी दुकानदाराला विचारावे, ही ओळ टिपणात हवीच.

2800 रुपयांची गोष्ट

जमा रकमेची नोंद हा या कामातील सर्वांत नाजूक भाग. एक काल्पनिक उदाहरण पाहू. एका औषध दुकानाची तीन बिले येणे आहेत. 3 जूनचे 48,000 रुपयांचे, 12 जूनचे 36,500 रुपयांचे आणि 21 जूनचे 52,000 रुपयांचे. उधारीची मुदत 45 दिवस. 4 जुलैला त्या दुकानाकडून 81,700 रुपये बँकेत जमा झाले.

ही रक्कम कोणत्याच बिलाशी जुळत नाही. पहिल्या दोन बिलांची बेरीज 84,500 होते. म्हणजे 2800 रुपये कमी आले. दुकानदाराने मुदत संपलेली औषधे परत केली होती आणि त्यांची किंमत कापून उरलेले पैसे पाठवले होते. परत आलेला माल गोदामात पोहोचला होता, पण त्याची क्रेडिट नोट अद्याप निघालेली नव्हती. जुन्या लिपिकाला हे ठाऊक होते. नव्याला नव्हते.

नव्या लिपिकाने सर्वांत जुन्या बिलापासून रक्कम वळती केली. पहिले बिल पूर्ण फिटले. दुसऱ्यापोटी 33,700 रुपये लागले आणि 2800 शिल्लक राहिले. येथवर चूक नाही. पुढच्या आठवड्यात 2800 रुपयांची क्रेडिट नोट निघाली, तेव्हा ती कोणत्या बिलापोटी हे न सांगता खात्यात नुसती जमा केली गेली. आता खात्याची एकूण बाकी 52,000 रुपये, म्हणजे अगदी बरोबर दिसते. पण बिलवार यादीत 12 जूनचे बिल 2800 रुपयांनी उघडेच आहे आणि शेजारी तेवढीच रक्कम कोणत्याही बिलाशी न जोडलेली पडून आहे.

27 जुलैला त्या बिलाचे 45 दिवस पूर्ण झाले. 28 जुलैला दुकानाने इन्सुलिनची ऑर्डर दिली आणि ती थकबाकीच्या कारणावरून रोखली गेली. दुकानदाराकडे मुदत उलटलेला एक रुपयाही नव्हता. तरीही त्याच्या रुग्णांना थांबावे लागले.

ही चूक एकूण बाकी पाहून कधीच सापडत नाही. ती शोधण्यासाठी बिलवार येणी यादी पाहावी लागते. एकाच ग्राहकाच्या नावावर एखादी जुनी किरकोळ बाकी आणि तेवढीच सुटी जमा दिसली, की खूण पटली असे समजावे. टॅली वापरणाऱ्या पेढीत क्रेडिट नोटची तीच नोंद उघडून `On Account` ऐवजी `Agst Ref` निवडावे आणि संबंधित बिल क्रमांक द्यावा. रक्कम बदलत नसल्याने करावर परिणाम होत नाही. टिपणात यासाठी एकच नियम पुरेसा आहे. रक्कम जुळत नसेल तर अंदाजाने वळती करू नये. दुकानदाराकडून तपशील मागवावा आणि तोवर ती `On Account` ठेवून प्रलंबित यादीत लिहावी.

अपवादांची यादी

टिपणाचा तिसरा भाग या प्रलंबित प्रकरणांचा. त्यात दोन प्रकार हमखास असतात. पहिला, कोणाची हे न कळणारी रक्कम. दुकान पतीच्या नावे आणि पैसे पत्नीच्या खात्यातून, असे अनेकदा घडते. अशी रक्कम सस्पेन्स खात्यात ठेवून बँकेचा यूटीआर क्रमांक टिपून ठेवावा. नुसत्या आकड्याच्या साम्यावरून ती कोणाच्याही नावे टाकू नये. कोण कोणत्या खात्यातून पैसे पाठवतो, याची छोटी यादी जुन्या लिपिकाने दिली, तर नव्याचे कितीतरी दिवस वाचतात.

दुसरा प्रकार न वटलेल्या धनादेशाचा. येथे जमेची नोंद उलटवून तेच मूळ बिल पुन्हा उघडावे लागते. नवी येणी दाखवली, तर थकबाकीचे दिवस शून्यापासून मोजले जातात. बँकेचा परतीचा मेमो त्याच दिवशी मालकांच्या हाती द्यावा. कारण धनादेश न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली नाही, तर त्या आधारे फौजदारी तक्रार करता येत नाही. मेमो फाईलमध्ये पडून राहिला, तर हा हक्क हातचा जातो.

प्रत्येक प्रकरणापुढे तारीख, रक्कम, कारण, कोणाशी बोलणे झाले आणि निर्णय कोणाचा, एवढे लिहावे. क्रेडिट नोट मंजूर करणे, मुदत वाढवणे किंवा रोखलेली ऑर्डर सोडणे हे लिपिकाच्या अधिकारात नसते, हेही स्पष्ट असावे. पासवर्ड मात्र या कागदावर लिहू नयेत. जुना लिपिक जाण्याच्या दिवशी बँकेची शिल्लक, सस्पेन्स खात्याची बाकी आणि बिलवार येणी यादी छापून त्यावर दोघांनी सह्या कराव्यात. पुढे वाद उद्भवलाच, तर कोणती बाकी आधीची आणि कोणती नंतरची, हे त्या कागदावरून कळते.