साठचा द्या, नऊचा घ्या

‘जुना बल्ब द्या, वीजबिल निम्मे करा!’ बल्ब-बदल मोहिमेच्या टेबलामागे अशी पाटी झकास दिसते. पंचाईत होते ती पुढच्या महिन्यात. बिलात पंखा, फ्रिज, गीझर, इस्त्री असे सगळे असते, शिवाय स्थिर आकार वेगळा. चार बल्ब बदलून ते निम्मे होत नाही. मग ज्याने भाबडेपणाने बल्ब आणून दिलेले असतात, तोच शेजाऱ्याला सांगतो, ‘काही फरक पडत नाही हो.’ मोहीम तिथेच बसते.

त्यामुळे घोषणा लिहिण्याआधी एका बल्बचा हिशेब मांडावा. साठ वॅटचा पिवळा बल्ब रोज पाच तास जळला, तर महिन्याला 9 युनिट खातो. तेवढाच उजेड देणारा नऊ वॅटचा एलईडी खातो सव्वा युनिटपेक्षा थोडे जास्त. म्हणजे एका बल्बमागे साधारण साडेसात युनिट वाचले. युनिट 8 रुपयांना पडते असे धरले, तर महिन्याचे साठ रुपये. यातून सरळ घोषणा निघते: ‘साठचा द्या, नऊचा घ्या, महिन्याला सात युनिट वाचवून न्या.’ निम्म्या बिलाच्या गर्जनेपुढे ती किरकोळ वाटेल, पण ती खोटी पडत नाही.

तिच्यात रुपये मुद्दाम नाहीत. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिली 100 युनिटे स्वस्त, त्यापुढची महाग. ज्याचा वापर 130 युनिट आहे, त्याची वाचलेली पंधरा युनिटे वरच्या, महाग टप्प्यातून कमी होतात. ज्याचा वापर मुळातच 80 आहे, त्याची तेवढीच युनिटे स्वस्त दराने वाचतात. एकच बल्ब, पण दोन घरांत रुपये वेगळे. युनिट मात्र दोघांनाही आपापल्या बिलावर ताडून पाहता येतात. तेही मागच्या महिन्याशी नव्हे, तर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडावेत. फेब्रुवारीत बल्ब बदलला आणि एप्रिलमध्ये पंखे दिवसभर फिरले, तर बिल वाढणारच. दोष उगाच बल्बवर येतो.

आता खरा प्रश्न तासांचा. न्हाणीघरातला साठचा बल्ब दिवसातून अर्धा तास लागत असेल, तर तो बदलून महिन्याला पाऊण युनिटच वाचते. गोठ्यात किंवा अंगणात शंभरचा बल्ब रात्रभर, म्हणजे दहा तास जळत असेल, तर तो महिन्याला 30 युनिट खातो. त्याजागी बारा वॅटचा एलईडी लावला की साडेतीन युनिटांवर काम भागते. म्हणून मला सगळ्यांत उपयोगी वाटते ती घोषणा अशी: ‘जो जास्त वेळ जळतो, तो आधी बदला!’ तिच्या जोडीला ‘झिरोचा बल्ब झिरो नाही’ हीही चालेल. जुना झिरोचा बल्ब पंधरा वॅटचा असेल, तर रोज आठ तासांप्रमाणे तो महिन्याला साडेतीन युनिट गुपचूप खातो. गोठ्यातला बल्ब निदान कुणाच्या तरी नजरेत असतो, झिरोचा कुणाच्याच नसतो.

‘जुना द्या’ या शब्दांनाही कारण आहे. मार्च 2021 मध्ये बिहारमधल्या आरा इथून ‘ग्राम उजाला’ योजना सुरू झाली. तिथे सात किंवा बारा वॅटचा एलईडी 10 रुपयांना मिळे. घरटी जास्तीत जास्त पाच. अट एकच, बदल्यात चालू स्थितीतला पिवळा बल्ब द्यायचा. लोकांना हे विचित्र वाटते. उडालेला बल्ब का नको? कारण तो वीज खातच नाही. चालू बल्ब घरात राहिला, तर एलईडी दिवाणखान्यात लागतो आणि जुना पडवीत जाऊन बसतो. मग एकाच्या जागी दोन दिवे जळतात, बचत कुठली व्हायची? म्हणून पाटीवर लिहावे: ‘चालू बल्ब आणा, उडालेला नको.’ आणि जमा झालेले बल्ब पुन्हा कुणाच्या होल्डरात जाणार नाहीत हे मोहीमवाल्यांनी बघावे.

ज्यांच्या घरी आधीच सीएफएल आहेत, त्यांच्यासमोर मोठा आवाज करू नये. चौदा वॅटच्या सीएफएलऐवजी नऊचा एलईडी लावून रोज पाच तासांत महिन्याला पाऊणच युनिट वाचते. असा सीएफएल चालतोय तोवर चालू द्यावा, असे टेबलावरच सांगितलेले बरे. तरीही कुणी आणून दिलाच, तर तो पिवळ्या बल्बांच्या पोत्यात टाकू नये. त्यात पारा असतो. न फोडता वेगळ्या खोक्यात ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा लागतो.