बटण अडकतंय? घड्याळ आतून गेलेलं नाही

स्मार्टवॉचच्या कडेचं फिरतं बटण करकरू लागलं, किंवा दाबल्यावर आतच बसायला लागलं, की घरात निकाल लागतो: ‘पाणी गेलं आत, मशीन गेलं.’ बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं. बटणाच्या दांड्याभोवती रबराचं बारीक कडं असतं आणि पाणी तिथंच अडतं. बटण आणि घड्याळाची चौकट यांच्यातली केसाएवढी फट मात्र या कड्याच्या बाहेर असते. घाण साठते ती तिथं, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच.

पारनेरचं एक उदाहरण घेऊ. समजा, पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा पहाटे मुरमाच्या मैदानावर पळतो. घामासोबत बारीक धूळ फटीत जाते. घाम वाळला की मीठ उरतं आणि बटण फिरवताना बोटाला खर जाणवते. हे मीठ साध्या पाण्यात विरघळतं, तेव्हा एवढ्यावर काही बिघडलं नसतं. पण घरी येऊन तो घड्याळ हातात ठेवूनच बोअरच्या पाण्यानं आंघोळ करतो, आणि खरी गोम इथं आहे.

आपल्याकडच्या काळ्या खडकातून येणारं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अंगाच्या साबणाशी मिळून एक चिकट साका तयार होतो, जो पाण्यात विरघळत नाही. बादलीच्या आतल्या बाजूला जमणारं पांढुरकं, बोट फिरवलं की मेणचट लागणारं कडं हेच. तोच साका बटणाच्या फटीत धूळ आणि मीठ धरून बसतो. त्यामुळे ‘साबणानं धुतलं की बटण स्वच्छ होईल’ ही समजूत जड पाण्याच्या गावात तर नेमकी उलटी पडते.

‘साबणाचं पाणीही आत जाणार नाही’ ही दुसरी समजूत ‘वॉटरप्रूफ’ या शब्दानं पसरवली आहे. 50 मीटर किंवा 5 एटीएम ही खूण साध्या पाण्यातल्या चाचणीची असते, साबणाच्या पाण्याची नव्हे. साबणानं पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, म्हणून जिथं साधं पाणी अडलं असतं तिथं साबणाचं पाणी सरकू शकतं. शिवाय रबर कायम तसंच राहत नाही. पाणी रोखण्याची क्षमता काळानुसार घटते, हे कंपन्याही सांगतात.

मग साफ कसं करायचं? घड्याळ बंद करा, चार्जरवरून काढा, चामड्याचा पट्टा असेल तर सोडवा. ॲपलची सूचना अशी आहे की कोमट, साध्या पाण्याच्या हलक्या धारेखाली बटण 10 ते 15 सेकंद धरायचं आणि तेवढा वेळ ते सतत फिरवत, दाबत राहायचं. साबण नाही, दुसरं कुठलंही क्लीनर नाही. माझी त्यात एकच भर: पाणी बोअरचं नको. आरओच्या जारमधलं पाणी कोमट करा आणि फुलपात्रातून बारीक धार सोडा. जड पाण्यानं धुतलं तर ते वाळल्यावर फटीत पुन्हा क्षार उरतो. नंतर धागे न सुटणाऱ्या मऊ कापडानं टिपा. साका जुना असेल तर एका धुण्यात सुटत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. पाण्याची वाफ निघत असेल तर ते कोमट नव्हे, निवू द्या.

काचेला तडा असेल, घड्याळ आधी कुणी उघडलं असेल, किंवा स्वस्तातल्या घड्याळावर पाण्याविषयी काहीच लिहिलेलं नसेल, तर धारेखाली धरू नका. ओलसर, पिळलेल्या कापडानं फटीची कड पुसा, तेवढंच.

घरगुती उपायांचं मात्र ऐकू नका. शिलाई मशीनचं तेल घातलं की बटण दोन दिवस लोण्यासारखं फिरतं, मग त्याच तेलाला धूळ चिकटून आधीपेक्षा घट्ट होतं. काही जातीचं रबर तेलानं फुगतं ते वेगळंच. सुई किंवा पिन फटीत घातली तर रबरी कडंच फाटू शकतं. लिंबू किंवा व्हिनेगर साका सोडवेल खरं, पण ॲल्युमिनियमच्या चौकटीचा मुलामाही खराब करू शकेल.

आता बिघाड खरंच आत आहे का, हे कसं ओळखायचं? बटण हाताला जड लागत असेल तर दोष बहुधा फटीतल्या घाणीचा. बटण अगदी सुरळीत फिरतंय, पण पडद्यावर काहीच हलत नाही, तर आधी घड्याळ बंद करून पुन्हा सुरू करा. तरीही तसंच राहिलं तर दुरुस्तीला द्या. आणि काचेच्या आतून दव धरलेलं दिसलं तर पाणी आत गेलेलंच आहे. घड्याळ तांदळात पुरू नका, ड्रायरनं तापवू नका, चार्जिंगलाही लावू नका. ते बंद करून थेट सेवा केंद्रात न्या.