उत्तर तीन सेकंदांत हवं

स्लॅकवर टीमची चर्चा चालू असताना कुणीतरी टाइप करतं:

```
/queue 18:30 पावसाळी अंक आला
```

ही ओळ सहसा इतरांना दिसत नाही. स्लॅक ती टीमच्या सर्व्हरकडे पाठवतं आणि सर्व्हर पोस्ट संध्याकाळच्या रांगेत लावतो. मात्र त्याचं उत्तर 3 सेकंदांत यावं लागतं, नाहीतर पडद्यावर `operation_timeout` उमटतं. खरी गोम इथेच आहे. पोस्ट रांगेत लागलेलीही असू शकते. माणूस मात्र कमांड पुन्हा देतो आणि साडेसहाला तीच पोस्ट दोनदा झळकते. म्हणून सर्व्हरने आधी नुसतं ‘मिळालं’ एवढंच कळवावं आणि काम मागाहून उरकावं. पक्का निरोप द्यायला स्लॅक `response_url` हा पत्ता देतं. तो 30 मिनिटं चालतो. तरीही शंका वाटली, तर कमांड पुन्हा देण्याआधी रांग उघडून पाहावी.