मीटर सेतूचा प्रयोग : व्हायव्हात तत्त्व, कृती आणि त्रुटी कशा सांगाल?

प्रात्यक्षिक परीक्षेत बऱ्याच जणांचं असं होतं की प्रयोग नीट येतो, वाचनं जमतात, उत्तरही बरोबर निघतं; पण तोंडी परीक्षेला बसल्यावर गाडी अडते. तत्त्व पाठ असतं, कृती पाठ असते, जर्नलमधल्या खबरदारीच्या पाच ओळीही पाठ असतात. परीक्षक मात्र विचारतात, "असं का केलंस?" आणि त्या ‘का’चं उत्तर पाठ केलेल्या ओळींत नसतं.

याचं कारण आपण तत्त्व, कृती आणि त्रुटी हे तीन वेगळे धडे समजतो. खरं तर ती एकच साखळी आहे. तत्त्वातून सूत्र मिळतं. सूत्र काही गोष्टी गृहीत धरतं. कृतीतली जवळजवळ प्रत्येक पायरी एखादं गृहीत सांभाळण्यासाठी असते. आणि जे गृहीत पूर्ण सांभाळता येत नाही, तिथून त्रुटी शिरते. बारावीच्या भौतिकशास्त्रातला मीटर सेतूचा प्रयोग घेऊन ही साखळी पाहू.

तत्त्व : दोन वाक्यांत

मीटर सेतू म्हणजे व्हीटस्टनच्या सेतूचं प्रयोगशाळेतलं सोपं रूप. (या मांडणीची कल्पना सॅम्युएल हंटर ख्रिस्टी यांनी १८३३ मध्ये मांडली आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये ती प्रसिद्धीला आणली. हा प्रश्न कधी कधी सहज विचारतात.) लाकडी फळीवर एक मीटर लांबीची एकसारख्या जाडीची तार ताणलेली असते. तांब्याच्या जाड पट्ट्यांमध्ये दोन गॅप असतात. डाव्या गॅपमध्ये अज्ञात रोध X आणि उजव्या गॅपमध्ये रेझिस्टन्स बॉक्स, म्हणजे R, असं धरू. सेल आणि की तारेच्या दोन टोकांना जोडायची. गॅल्व्हानोमीटर मधल्या पट्टीपासून जॉकीपर्यंत.

जॉकी तारेवर एका विशिष्ट जागी टेकवली की काटा शून्यावर राहतो. त्या क्षणी मधल्या पट्टीचं विभव आणि जॉकीखालच्या बिंदूचं विभव सारखं असतं. दोन टाक्यांतल्या पाण्याची पातळी सारखी असेल तर त्यांना जोडणाऱ्या नळीतून पाणी वाहत नाही, तसंच हे. यावरून

X / R = l / (100 − l)

इथे l म्हणजे डाव्या टोकापासून शून्यबिंदूपर्यंतची लांबी, सेंटिमीटरमध्ये.

परीक्षकांनी तत्त्व विचारलं तर आधी "गॅल्व्हानोमीटरमधून प्रवाह शून्य असतो, कारण दोन्ही बिंदूंचं विभव समान असतं" हे सांगा आणि मग सूत्र. नुसतं सूत्र म्हणून दाखवलं, तर पुढचा प्रश्न ‘हे गुणोत्तर आलं कुठून’ हाच असतो.

इथला हमखास प्रश्न : "सेल बदलून जास्त व्होल्टचा लावला तर शून्यबिंदू सरकेल का?" नाही. सूत्रात सेलचं विभवांतर येतच नाही. फक्त शून्यबिंदूच्या आजूबाजूला काटा जास्त हलेल, म्हणजे शून्यबिंदू ओळखणं सोपं होईल. पण प्रवाह वाढल्याने तार तापेल, म्हणून मोठा सेल लावत नाहीत.

सूत्राने काय गृहीत धरलं?

आता वहीत सूत्र लिहा आणि त्याला विचारा, तू काय काय मानून चालला आहेस? चार गोष्टी निघतील.

एक, गॅल्व्हानोमीटरमधला प्रवाह खरोखर शून्य आहे. दोन, तारेच्या प्रत्येक सेंटिमीटरचा रोध सारखा आहे. म्हणून तर आपण रोधाऐवजी लांबी लिहू शकलो. तीन, मंडलात X, R आणि तार सोडून इतर कुठेही दखल घेण्यासारखा रोध नाही. चार, वाचन घेताना कोणताही रोध बदलत नाही.

आता कृती आठवा. जॉकी हलकेच टेकवायची आणि उचलून पुढे न्यायची, घासत न्यायची नाही. का? घासल्याने तार त्या जागी झिजते, बारीक होते, तिथल्या सेंटिमीटरचा रोध वाढतो. दुसरं गृहीत मोडलं. जोडणीच्या तारांची टोकं सँडपेपरने घासायची, स्क्रू आणि बॉक्सचे प्लग घट्ट बसवायचे. का? सैल जोडणीचा रोध X किंवा R मध्ये मिसळतो. तिसरं गृहीत. की फक्त वाचनापुरतीच चालू ठेवायची. का? प्रवाह वाहत राहिला की रोध तापतात आणि बदलतात. चौथं गृहीत. तार मँगॅनिन किंवा कॉन्स्टंटनची असते तेही याचसाठी. तापमानाने या मिश्रधातूंचा रोध फारच कमी बदलतो.

म्हणजे खबरदारी वेगळी पाठ करायची गरजच उरत नाही. ती सूत्रातूनच बाहेर येते.

जोडणी बरोबर आहे हे कसं कळतं?

हा प्रश्न परीक्षकांना आवडतो, कारण प्रयोग हाताने केलेला मुलगाच त्याचं नीट उत्तर देतो. जॉकी आधी डाव्या टोकाला टेकवा, मग उजव्या टोकाला. काटा दोन वेळा विरुद्ध दिशांना गेला तर जोडणी ठीक. मध्ये कुठेतरी शून्य असणारच.

दोन्हीकडे एकाच बाजूला झुकला तर एखादा गॅप उघडा राहिला असं समजा. डावा गॅप तुटला असेल तर काटा सगळ्या तारेवर एकाच बाजूला झुकतो आणि उजव्या टोकाशी येईपर्यंत शून्याकडे येतो, कारण मधली पट्टी आता R मार्फत फक्त उजव्या टोकाशी जोडलेली आहे. काटा कुठेच हलला नाही तर सेलचं मंडल, की किंवा गॅल्व्हानोमीटरची तार तपासा.

शून्यबिंदू मध्याजवळच का?

"सर, तिथे संवेदनशीलता जास्त असते," एवढं उत्तर बहुतेक जण देतात. बरोबर आहे, पण अर्धवट. आकडे घेऊन सांगता आलं तर परीक्षकांची खात्री पटते.

समजा, लांबी वाचताना १ मिलिमीटर, म्हणजे ०.१ सेंमी इकडेतिकडे झालं. शून्यबिंदू ५० सेंमीवर असेल तर गुणोत्तर ५०/५० ऐवजी ५०.१/४९.९ होतं. फरक सुमारे ०.४ टक्के. पण शून्यबिंदू १० सेंमीवर असेल तर १०/९० ऐवजी १०.१/८९.९ होतं आणि फरक सुमारे १.१ टक्के. चूक तेवढीच, एक मिलिमीटरची. पण टोकाकडे ती उत्तरात जवळजवळ तिप्पट झाली. म्हणूनच R ची किंमत X च्या आसपास निवडून शून्यबिंदू साधारण ४० ते ६० सेंमीमध्ये आणतात.

X आणि R ची अदलाबदल का?

इथे खरी परीक्षा असते. तिसरं गृहीत आपण पूर्ण सांभाळू शकत नाही. तार जिथे पट्टीला जोडलेली असते, त्या दोन टोकांना थोडासा रोध राहतोच. शिवाय तार पट्टीच्या अगदी ० आणि १०० वर सुरू होते आणि संपते असंही नसतं. याला टोकत्रुटी म्हणतात.

एक उदाहरण करून पाहू. समजा X खरोखर ४.०० ओहम आहे आणि R = ५ ओहम. डाव्या टोकाचा जादा रोध ०.८ सेंमी तारेइतका, उजव्याचा ०.२ सेंमी तारेइतका. मग शून्यबिंदू मिळेल ४४.१ सेंमीवर.

X = ५ × ४४.१ / ५५.९ = ३.९४ ओहम

आता X उजव्या गॅपमध्ये आणि R डाव्या गॅपमध्ये. शून्यबिंदू ५५.३ सेंमीवर येईल, म्हणजे X च्या बाजूची लांबी ४४.७ सेंमी.

X = ५ × ४४.७ / ५५.३ = ४.०४ ओहम

सरासरी ३.९९ ओहम. एका वाचनात उत्तर कमी आलं, दुसऱ्यात जास्त, आणि सरासरी खऱ्या किमतीच्या अगदी जवळ पोचली.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, डावीकडचंच वाचन दहा वेळा घेतलं असतं तरी ३.९४ च येत राहिलं असतं. ही नियमित त्रुटी आहे. पुन्हापुन्हा मोजून ती जात नाही, मांडणी बदलावी लागते. डोळ्याने लांबी वाचताना होणारी कमीजास्त मात्र यादृच्छिक असते आणि अनेक वाचनांच्या सरासरीने कमी होते. दुसरी, अदलाबदलीने होणारी भरपाई शून्यबिंदू मध्याजवळ असेल तेव्हाच जवळजवळ पूर्ण होते. टोकाकडे असेल तर काही भाग शिल्लक राहतो. मध्याजवळ शून्यबिंदू आणण्याचं हे दुसरं कारण, आणि ते फार थोडे जण सांगतात.

‘मानवी चूक’ असं उत्तर देऊ नका

त्रुटींची कारणं विचारली की ‘मानवी चूक’ म्हणून मोकळं होऊ नका. वाचन चुकीचं लिहिणं, प्लग मोजायला विसरणं ही हलगर्जी आहे. ती दुरुस्त करायची असते, त्रुटी म्हणून सांगायची नसते. उत्तर असं जाऊ द्या :

"त्रुटीचं मुख्य कारण कोणतं?"

"सर, टोकांचा रोध. सूत्रात तो धरलेला नाही."

"मग तू काय केलंस?"

"गॅप बदलून वाचन घेतलं आणि सरासरी काढली."

"तरी काय राहिलं?"

"सर, तार सगळीकडे सारख्या जाडीची नसेल तर ती त्रुटी राहते. म्हणून R च्या वेगवेगळ्या किमती घेऊन शून्यबिंदू तारेवर वेगवेगळ्या जागी आणला."

प्रत्येक उत्तरात कारण, त्यावर केलेला उपाय आणि उपायाची मर्यादा आली. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजी शब्दासाठी अडून राहू नये. ‘एंड करेक्शन’ आठवलं नाही तर ‘तारेच्या टोकांचा जादा रोध’ म्हणा, अर्थ पोचतो.

आदल्या दिवशी

जर्नल मिटा. कोऱ्या कागदावर मीटर सेतूचं मंडल काढा, खाली सूत्र लिहा आणि तीन रकाने आखा : सूत्राने काय मानलं, त्यासाठी मी काय केलं, तरी काय राहिलं. चार ओळी भरता आल्या की या प्रयोगावरचे बहुतेक प्रश्न त्यातच बसतात. एखादी ओळ कोरी राहिली तर तेवढाच भाग पुस्तकातून पुन्हा वाचा. मग हाच तक्ता पोटेन्शिओमीटरच्या प्रयोगासाठी करून पाहा. तिथे पहिलाच प्रश्न असेल, वरच्या मंडलातल्या सेलचं विभवांतर खालच्या सेलपेक्षा जास्त का लागतं?