बेरीज जुळली, पण बिलं जुळली का?

सांगलीतलं पाइप-फिटिंगचं एक मध्यम दुकान डोळ्यांसमोर आणा. खरेदी सगळी महाराष्ट्रातली, माल सगळा १८ टक्क्यांचा, हिशोब टॅलीवर. ऑगस्ट २०२५ संपला आणि अकाउंटंटने खरेदीचं रजिस्टर उघडलं. महिनाभराच्या खरेदीवर भरलेला कर, म्हणजे दुकानाला मिळू शकणारं इनपुट क्रेडिट, १,८४,५०० रुपये. मग १४ सप्टेंबरला जीएसटी पोर्टलवर तयार झालेलं जीएसटीआर-२बी पाहिलं. तिथलीही बेरीज १,८४,५००. रुपया इकडचा तिकडे नाही.

उदाहरण मी मुद्दाम असं रचलं आहे. अशा वेळी बहुतेक जण सुस्कारा सोडून रिटर्न भरून मोकळे होतात. पण या दुकानाला त्या महिन्यात प्रत्यक्षात १,७५,५०० रुपयांचंच क्रेडिट घेता येतं. नऊ हजारांचा फरक दोन सारख्या बेरजांच्या आड लपलेला आहे.

तो सापडायचा तर आधी महिन्याचं चक्र समजायला हवं. दरमहा रिटर्न भरणारा व्यापारी आपल्या विक्रीची बिलं पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ मध्ये टाकतो. बाजारात याला नुसतं ‘आर वन’ म्हणतात. त्याने तुमच्या नंबरवर टाकलेली बिलं १४ तारखेला तुमच्या २बी मध्ये उतरतात. त्यानंतर २० तारखेपर्यंत तुम्ही जीएसटीआर-३बी भरायचं: विक्रीवरचा कर उणे खरेदीवरचं क्रेडिट, उरलेला कर रोखीने. १ जानेवारी २०२२ पासून कायद्यातच लिहिलं आहे की पुरवठादाराने बिल कळवलेलं असेल आणि ते तुमच्याकडे दिसत असेल, तरच क्रेडिट. तुमच्या हातात छापील बिल आहे, माल गोदामात पडला आहे, पैसेही चुकते केले आहेत, तरी बिल २बी ला नसेल तर त्या महिन्यात ते क्रेडिट नाही. म्हणजे कामाचे दिवस १४ ते २० एवढेच. त्यात रविवार आला, गणपती आले, की आणखी कमी.

आता मिलान. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पोर्टलवरून उतरवलेली २बी ची फाइल आत घेतली की GSTR-2B Reconciliation हा अहवाल प्रत्येक बिल वहीतल्या नोंदीशी ताडून पाहतो. नव्या आवृत्त्या फाइल पोर्टलवरून थेट ओढूनही घेतात. चार गोष्टी पाहिल्या जातात: पुरवठादाराचा जीएसटी नंबर, बिल नंबर, बिलाची तारीख आणि रक्कम. आपल्या दुकानात १,४८,५०० रुपयांच्या कराची बिलं पहिल्याच फटक्यात जुळली. बाकीच्यांतच खरं काम आहे.

एक १८,००० रुपये कराचं बिल दोन्हीकडे होतं, तरी जुळलं नाही. पुरवठादाराने नंबर टाकला होता KP/0245/25-26 आणि दुकानातल्या मुलाने एंट्री करताना नुसतं २४५ लिहिलं होतं. खरेदीच्या व्हाउचरमध्ये Supplier Invoice No. असा रकाना असतो. व्हाउचरचा स्वतःचा क्रमांक वेगळा, हा वेगळा. बिलावर जसा छापला आहे तसाच, तिरक्या रेषा आणि शून्यांसकट, तो इथे यायला हवा. त्याशेजारची तारीखही बिलावरचीच, माल उतरवून घेतल्याची नव्हे. निम्मी डोकेदुखी या दोन रकान्यांत असते आणि ती महिनाअखेरीला नव्हे, रोज एंट्री करतानाच टळते. नंबर दुरुस्त केला, बिल जुळलं.

मग वहीत आहेत पण पोर्टलवर नाहीत, अशी दोन बिलं निघाली. पडद्यावर ती Available Only in Books खाली दिसतात. पहिलं मिरजेच्या एका छोट्या पुरवठादाराचं, ६०,००० चा माल आणि १०,८०० कर. फोन केला तर उत्तर आलं, “अहो शेठ, आम्ही तिमाहीवाले.” त्याचं म्हणणं बरोबर आहे. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना तीन महिन्यांतून एकदा रिटर्न भरायची मुभा आहे. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिलं त्याने १३ तारखेपर्यंत वेगळ्या सोयीने कळवली तर ती तुम्हाला लगेच दिसतात, पण ते त्याच्या मर्जीवर आहे. त्याने कळवली नाहीत, म्हणजे जुलै आणि ऑगस्टची बिलं सप्टेंबरच्या २बी मध्ये, १४ ऑक्टोबरला दिसणार. यात लबाडी कुणाचीच नाही, पण १०,८०० रुपये महिनाभर अडकले. पुरवठादार मासिक आहे की तिमाही, हे त्याच्या नावाच्या खात्यातच नोंदवून ठेवावं. भाव ठरवताना ते कामाला येतं.

दुसरं बिल कोल्हापूरचं, कर ७,२००. पुरवठादाराने आर वन वेळेत भरलं होतं, बिलही टाकलं होतं, पण दुसऱ्याच्या नंबरवर. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढे दहा अक्षरं पॅनची, आणि शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेलं. त्यामुळे एखादा आकडा चुकला तर पोर्टल सहसा नंबर स्वीकारतच नाही. स्वीकारला गेलेला चुकीचा नंबर बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी खऱ्या व्यापाऱ्याचा असतो. सारख्या नावाची दोन खाती असली की असं होतं. पुरवठादाराने आपल्या सप्टेंबरच्या आर वनमध्ये दुरुस्ती केली की हे बिलही सप्टेंबरच्या २बी ला येईल. त्याच्याकडून ‘करतो’ एवढ्यावर न थांबता, दुरुस्ती दाखल झाल्यावर पडद्याचा फोटो मागवलेला बरा.

उलट बाजूला, Available Only on Portal मध्ये, तीन बिलं होती आणि तीन तऱ्हेची. पुण्याच्या एका वितरकाचं ९,००० कराचं बिल जुलैचं होतं. दुकानाने जुलैतच नोंदवलं होतं, पण वितरकाने आर वन उशिरा भरल्याने तेव्हा क्रेडिट घेतलं नव्हतं. ते आता घ्यायचं. दुसरं मालकांच्या मोटारीच्या विम्याचं, कर ३,६००. विमा कंपनीने दुकानाचा नंबर घातला, म्हणून बिल २बी ला आलं आणि तिथे ते ‘मिळण्याजोगं’ म्हणूनच दिसतं. पण माणसं नेणाऱ्या अशा गाडीवर आणि तिच्या विम्यावर कलम १७(५) नुसार सर्वसाधारण व्यापाऱ्याला क्रेडिट नाही. पोर्टलला गाडी कशासाठी वापरली जाते ते कळत नाही, ते तुम्हालाच पाहावं लागतं. तिसरं ५,४०० कराचं बिल तर या दुकानाचं नव्हतंच. कुणी दुसऱ्याचा माल याच्या नंबरवर चढवला होता, कोल्हापूरच्या चुकीचीच उलटी बाजू.

या शेवटच्या बिलासाठी ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आयएमएस म्हणजे इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टम आली आहे. पुरवठादाराने टाकलेलं प्रत्येक बिल तिथे स्वीकारता, नाकारता किंवा पुढच्या महिन्यांसाठी थांबवून ठेवता येतं. काहीच केलं नाही तर ते स्वीकारलं असं धरलं जातं, आणि इथेच अनेकांची फसगत होते. आपलं नसलेलं बिल नाकारायचं. बिल आपलंच आहे पण माल अजून ट्रकवरच आहे, तर ते थांबवायचं, कारण माल हाती येण्यापूर्वी क्रेडिट घेता येत नाही. १४ तारखेनंतर असा बदल केला तर Compute GSTR-2B हे बटण दाबून २बी पुन्हा तयार करून घ्यावी लागते. ते राहून गेलं तर ३बी मध्ये जुनाच आकडा येतो.

आता हिशोब पुन्हा मांडू. परकं बिल नाकारल्यावर २बी उरली १,७९,१००. ३बी च्या तक्त्यात ही रक्कम ४(ए) मध्ये दिसेल. विम्याचे ३,६०० तिथून नुसते खोडायचे नाहीत, ते ४(बी)(१) मध्ये उलटवून दाखवायचे. निव्वळ राहिले १,७५,५००, निम्मे केंद्राच्या खात्यात आणि निम्मे राज्याच्या. विक्रीवरचा कर २,३०,००० असेल तर रोखीने भरायचे ५४,५००. विक्रीचा आकडा आर वनमधून येतो आणि जुलै २०२५ च्या रिटर्नपासून तो ३बी मध्ये हाताने बदलता येत नाही. विक्रीत चूक सापडली तर आधी जीएसटीआर-१ए भरायचं, मग ३बी.

बेरीज पाहून १,८४,५०० घेतले असते तर काय झालं असतं? पोर्टलने त्या दिवशी हरकतही घेतली नसती, कारण ३बी चा आकडा २बी इतकाच आहे. पण वहीच्या हिशोबाने पाहिलं तर मिरज आणि कोल्हापूरचे १८,००० ऑगस्टमध्येच घेतल्यासारखे झाले. पुढच्या महिन्यात तीच बिलं २बी ला उतरतात, ३बी मध्ये आपोआप भरून येतात, आणि तेच क्रेडिट दुसऱ्यांदा घेतलं जातं. वर्षभराने तपासणीत ते निघालं की चुकीने घेऊन वापरलेल्या क्रेडिटवर वर्षाला १८ टक्के व्याज लागतं. म्हणून न जुळलेल्या बिलांचा कर वहीत वेगळ्या खात्यात ठेवावा. त्याला ‘पेंडिंग आयटीसी’ म्हणा, काहीही म्हणा, पण बिल पोर्टलला दिसेल त्याच महिन्यात तो तिथून उचलायचा. त्या खात्याची शिल्लक म्हणजे कुणाकुणाला फोन करायचा आहे त्याची यादीच.

आणि हे फोन १५ तारखेला करण्यापेक्षा ८ किंवा ९ तारखेला करावेत. पुरवठादाराने आर वनमध्ये बिल साठवून ठेवलं की ते आयएमएसमध्ये दिसू लागतं, म्हणून ११ पूर्वी एक कच्चं मिलान होऊ शकतं. तेव्हा त्याला चूक सुधारणं दोन मिनिटांचं काम असतं. ११ नंतर तुमचं क्रेडिट महिनाभर पुढे जातं, चूक त्याची असली तरी. काही व्यापारी बिलातली कराची रक्कम २बी ला दिसेपर्यंत थांबवतात. माझ्या मते हे नेहमीच्या चुकारांसाठी ठीक, सगळ्यांनाच तसं केलं तर संबंध बिघडतात. शिवाय १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिटच उलटवावं लागतं, हेही ध्यानात ठेवायचं.

पेंडिंग खात्यालाही मुदत आहे. एका आर्थिक वर्षातल्या बिलाचं क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर तोवरच, घेता येतं. म्हणजे मिरज आणि कोल्हापूरच्या त्या बिलांसाठी शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२६.