घास नेमका कुठे अडकतो?

माझे मामा पंगतीत सगळ्यांच्या आधी हात धुऊन मोकळे होत. बाजरीची भाकरी, वर ठेचा आणि कांदा, दहा मिनिटांत ताट स्वच्छ. म्हणून एका संक्रांतीला ते माझ्या दवाखान्यात आले आणि म्हणाले, "डॉक्टर, भाकरी जरा इथं थांबतीया," तेव्हा मला गंमतच वाटली. त्यांनी बोट ठेवलं होतं गळ्याखालच्या खळगीत. वय चौसष्ट, तंबाखूची सवय चाळीस वर्षांची, अधूनमधून छातीत जळजळ. मी घसा पाहिला, तिथे काहीच नव्हतं. म्हटलं, "मामा, ॲसिडिटी आहे. सावकाश जेवा." आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या. पंधरा दिवसांनी त्यांचा निरोप आला, बरं वाटतंय.

अक्षय्य तृतीयेला गावी गेलो. पंगत उठली तरी मामा पानावर बसलेलेच. समोर वाटीत दूध आणि त्यात कुस्करलेली भाकरी. मामी सहज बोलून गेल्या, "आताशा असंच खातात. कोरडी भाकरी नको म्हणतात." मी मामांच्या सदऱ्याकडे पाहिलं. तो त्यांचाच होता, पण दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. तीन-साडेतीन महिने मामांना 'बरं वाटत' होतं, कारण त्यांनी भाकरी सोडून काला धरला होता. गोळीने फक्त जळजळ थांबली होती. घास पूर्वीसारखाच अडकत होता.

त्या दिवशी मला जे उमगलं, ते डॉक्टर म्हणून मला आधीच ठाऊक असायला हवं होतं. म्हणून ते इथे लिहितो आहे.

आपण घास गिळतो तो पोटात 'पडतो' असा आपला समज असतो. तसं नाही. घशापासून जठरापर्यंत साधारण २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी असते, ती अन्ननलिका. घास गिळताच तिच्या वरच्या टोकापासून एक लाट सुरू होते आणि घासाच्या मागून आवळत आवळत आठ-दहा सेकंदांत त्याला खाली नेते. नळीच्या तळाशी एक झडप असते. ती एरवी मिटलेली असते आणि घास खाली येण्याच्या सुमारास सैल होते. म्हणूनच माणूस उलटा लटकला तरी पाणी पिऊ शकतो. तेव्हा घास अडकण्याची मुख्य कारणं दोन. एक तर वाट अरुंद झालेली असते, नाहीतर वाट मोकळी असूनही ढकलणारी लाट किंवा उघडणारी झडप बिघडलेली असते.

आता मामांच्या बोटाकडे येतो. अन्ननलिकेला जागा नीट सांगता येत नाही. अडथळा अगदी तळाशी असला, तरी तो पुष्कळांना गळ्याच्या खळगीत जाणवतो. रोग्याने छातीच्या खालच्या भागावर बोट ठेवलं, तर दोष बहुधा तिथेच असतो, पण वर ठेवलेल्या बोटावर विसंबता येत नाही. मी विसंबलो. दुर्बिणीने तपासलं तेव्हा मामांचा अडथळा दातांपासून ३० सेंटिमीटरवर, म्हणजे छातीत खोलवर निघाला.

बोटापेक्षा खरं बोलतात ते तीन प्रश्न. काय अडकतं? केव्हापासून आणि कसं वाढत गेलं? आणि त्यासाठी तुम्ही जेवणात काय बदललं?

पहिला प्रश्न सगळ्यात मोलाचा. आधी भाकरी, चपाती, मांसाचा तुकडा अडकू लागला, मग मऊ भात आणि शेवटी पाणी, असा क्रम असेल तर वाट अरुंद होत चालली आहे असं समजावं. निरोगी अन्ननलिका घासागणिक दोन सेंटिमीटर आणि त्याहून जास्त फाकते. ही वाट साधारण १३ मिलिमीटरच्या आत आली की कोरडा, घट्ट घास हमखास अडू लागतो. नळी अशी ताणली जाणारी असल्यामुळे रोग बराच वाढेपर्यंत ती तक्रार करत नाही. मग तक्रार केल्यावर तरी आपण आणखी वाट पाहू नये.

दुसरा प्रश्न काळाचा. वर्षानुवर्षं जळजळ आहे आणि हळूहळू घास अडू लागला, तर आम्लाने पोळून झालेल्या व्रणामुळे नळी आखडलेली असू शकते. ती दुर्बिणीतून फुग्याने रुंद करता येते. वर्षातून दोन-चारदा, घाईत खाल्लेला मोठा तुकडाच अडकतो आणि एरवी काही नाही, असं असेल तर तळाशी पातळ पडद्याचं कडं असू शकतं. तेही फाकवता येतं. पण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत त्रास वाढतच गेला, वजन उतरू लागलं, आणि त्यात वय पन्नाशीपुढचं आणि तंबाखू किंवा दारूची सवय असेल, तर कर्करोग नाही हे सिद्ध होईपर्यंत तोच आहे असं धरून चालावं लागतं. मामांच्या बाबतीत ही सगळी माहिती संक्रांतीलाच माझ्यासमोर होती. मी फक्त विचारलं नाही.

दुर्बीण अडथळ्याच्या पुढे गेली नाही. तिथला तुकडा काढून तपासला, कर्करोगच होता. पुढच्या तपासण्यांत तो यकृतापर्यंत पोचल्याचं दिसलं, म्हणजे शस्त्रक्रियेची वेळ गेलेली होती. अडथळ्यातून धातूची जाळीदार नळी बसवली आणि घास पुन्हा जाऊ लागला. दिवाळीत मामांनी मऊ करंजी खाल्ली, दोन वेळा मागून घेतली. माघ संपता संपता ते गेले. संक्रांतीलाच दुर्बीण घातली असती तर काय झालं असतं, याचं उत्तर कुणी देऊ शकत नाही. पण ते साडेतीन महिने माझ्या खात्यावर आहेत.

त्यानंतर दोन वर्षांनी एक शिक्षिका आल्या. वय चौतीस. त्यांच्या फाइलमध्ये दुर्बिणीचा अहवाल होता, 'अडथळा नाही, व्रण नाही'. त्यावरून त्यांना तीन ठिकाणी सांगण्यात आलं होतं की हा मनाचा खेळ आहे, काळजी सोडा. मी पहिला प्रश्न विचारला, काय अडकतं? त्या म्हणाल्या, "सगळंच. भात अडकतो तसं पाणीही अडकतं. पहिल्यापासून." मी दुसरा विचारला. तीन वर्षं, कधी कमी कधी जास्त. तिसऱ्या प्रश्नाला त्या जरा संकोचल्या. मग म्हणाल्या, "जेवताना मधेच उठून उभी राहते, पाठ ताणते, वर तांब्याभर पाणी पिते. मग एकदम खाली उतरल्यासारखं होतं. शाळेत सगळ्यांसमोर असं कसं करणार? म्हणून डबा नेतच नाही." रात्री ठसका लागून उठावं लागे आणि उशीवर संध्याकाळचा भात जसाच्या तसा आलेला असे, आंबट चव नसलेला. आंबट नव्हता, कारण तो जठरात पोचलाच नव्हता.

पाणी आणि भात दोन्ही पहिल्यापासून अडतात, तेव्हा अरुंद वाटेपेक्षा बिघडलेल्या हालचालीचा संशय घ्यायचा असतो. त्यांना बेरियम पाजून एक्सरे काढला. अन्ननलिका वर फुगलेली आणि तळाशी पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती झालेली दिसली. नाकातून बारीक नळी घालून आतला दाब मोजला, तेव्हा निदान पक्कं झालं. लाट नाहीशी झाली होती आणि झडप सैल होत नव्हती. या विकाराला ॲकलेझिया म्हणतात. त्या झडपेला सैल होण्याचा निरोप देणारे मज्जातंतू झिजून जातात. सुरुवातीच्या काळात दुर्बिणीला तिथे काहीच वावगं दिसत नाही, ती जराशा दाबाने पलीकडे निघून जाते. म्हणजे दुर्बीण निर्दोष आली, तर मोठं संकट बहुधा टळलं, पण तक्रार खोटी ठरली नाही.

हा विकार नवा नाही. थॉमस विलिस या इंग्लिश वैद्याने १६७४ साली अशाच एका रोग्याची हकीकत लिहून ठेवली आहे. त्या माणसासाठी विलिसने देवमाशाच्या हाडाची काठी केली, तिच्या टोकाला स्पंजाचा बोळा बांधला. तो गृहस्थ जेवण झालं की ती काठी घशाखाली सरकवून अन्न जठरात ढकलत असे आणि असा तो पुढे कित्येक वर्षं जगला. आजचे उपायही त्याच झडपेशी झगडतात. फुग्याने ती फाकवता येते किंवा तिचा स्नायू कापता येतो. जपानमध्ये २००८ साली डॉ. इनोउए यांनी हा स्नायू तोंडातून घातलेल्या दुर्बिणीनेच आतून कापून दाखवला, पोटाला छेद न देता. आमच्या शिक्षिकाबाईंवर मोठ्या शहरात हाच उपचार झाला. लाट परत येत नाही, ती गेली ती गेली. पण झडप मोकळी झाल्याने घास स्वतःच्या वजनाने उतरतो. आता उलट त्यांना आम्ल वर येण्याचा त्रास होतो, त्यासाठी गोळी घ्यावी लागते. "पण डबा नेते," त्या सांगत होत्या.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. गिळताना नव्हे तर एरवीच घशात गोळा असल्यासारखं वाटतं आणि जेवताना उलट बरं वाटतं, तो प्रकार निराळा आणि सहसा निरुपद्रवी असतो. दुसरी उलट टोकाची. गिळण्याशी संबंध नसताना छातीत आवळल्यासारखं होत असेल, चालताना वाढत असेल, घाम फुटत असेल, तर तो घास नव्हे, हृदय आहे. तेव्हा हा लेख बाजूला ठेवून थेट रुग्णालयात जावं.

आणि घास असा रुतला की स्वतःची लाळही गिळता येत नाही, तोंडातून ओघळते आहे, अशा वेळी आपल्या घरोघरी केळं किंवा सुक्या भाताचा गोळा गिळायला देतात. तो देऊ नये. वाट बंद आहे, वरून आणखी भरून ती उघडत नाही. लाळही उतरत नसेल, तर काही तासांतच दुर्बिणीने तो घास काढायला हवा.

मी अजूनही तालुक्याच्या गावीच दवाखाना चालवतो. घास अडकतो म्हणणाऱ्याला पूर्वी मी गोळी लिहून देत असे. आता आधी विचारतो, काल रात्री काय जेवलात? आणि त्याआधी वर्षभरापूर्वी काय जेवत होता? रोगी उत्तर द्यायला लागला की मी बरोबर आलेल्या बाईकडे पाहतो. खरं उत्तर पुष्कळदा तिच्याकडे असतं. भाकरी कधीपासून दुधात कुस्करावी लागते, हे तिच्याइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नसतं.